लांब टाक्यांचं दुसरं पांघरूण

काकूंनी पत्र्याच्या डबीचं झाकण दाबून बसवलं आणि डबी टेबलावरून काकांच्या पुढ्यात सरकवली. आत क्रोशाच्या सात सुया होत्या. त्यातली एक लग्नाआधीची, तिची मूठ झिजून चपटी झालेली.

"उद्या लोकरीच्या दुकानाकडे गेलात की ही डबी तिथल्या बाईंना देऊन टाका," त्या म्हणाल्या. "त्यांच्याकडे शिकायला येतात त्या पोरींच्या उपयोगी पडतील."

काकांनी डबीकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं आणि हातातलं वर्तमानपत्र नीट घडी घालून बाजूला ठेवलं. एवढं केलं, पण बोलायला काही सुचलं नाही. त्यांचं नेहमी असंच व्हायचं. योग्य वाक्य त्यांना सापडायचं, पण दुसऱ्या दिवशी, दाढी करताना.

काका चौतीस वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासत होते. दुसऱ्याने लिहिलेलं, तिसऱ्याने जुळवलेलं, आणि त्यातली चूक शोधायची यांनी. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी खोड जात नव्हती. औषधाच्या खोक्यावरचा मजकूरसुद्धा ते पेन्सिल हातात घेऊन वाचत. इमारतीतली मुलं त्यांना चूककाका म्हणत आणि काकूंनाही ते नाव पसंत होतं. फक्त स्वतःचं मत द्यायची वेळ आली की या चूककाकांची जीभ टाळ्याला चिकटायची. आपलं म्हणणं हीच एक चूक असेल, अशी त्यांना कायम धास्ती.

डबी सरकवण्यापर्यंत गोष्ट आली ती दोन पांघरुणांमुळे.

लेकीला जुळ्या मुली. एक मोठी, एक धाकटी, आणि दोघींत अंतर अकरा मिनिटांचं. पण ती अकरा मिनिटं मोठी अशी मिरवायची की जणू अकरा वर्षं. आता त्या आईच्या कुशीतून निघून शेजारशेजारच्या दोन पलंगांवर झोपू लागल्या होत्या. काकूंनी ठरवलं की दोघींना एकेक पांघरूण करायचं, हुबेहूब सारखं, आणि द्यायचं तेही एकाच वेळी. एकीचं उजवं आणि दुसरीचं डावं झालं तर त्या घरात जे रामायण होईल ते निस्तरायला लेक काकूंनाच बोलावणार.

नमुना काकूंचा आवडता होता. आधी राखी लोकरीच्या चार ओळी साध्या बुटक्या टाक्यांच्या, मग हळदी रंगाच्या चार, मग पुन्हा राखी. प्रत्येक ओळीत एकशे एकसष्ट टाके. खरी गंमत रंग बदलतो त्या ओळीत. तीन टाके साधे घ्यायचे आणि चौथ्याला सुई नेहमीच्या जागी न घालता सरळ रेषेत तीन ओळी खाली घालायची. तिथून धागा बाहेर ओढायचा, चालू ओळीच्या उंचीपर्यंत वर आणायचा आणि मग टाका पुरा करायचा. वरचा जो टाका त्यामागे झाकला जातो तो सोडून द्यायचा, नाहीतर ओळीत टाके वाढत जातात आणि कापडाला झालर सुटते. असे चाळीस लांब टाके एका ओळीत. हळदी रंगाच्या चाळीस काड्या राखी पट्ट्यात उतरलेल्या दिसत, मग पुढे राखी काड्या हळदीत.

दिसायला सोपं. पण तो लांब टाका म्हणजे लबाड प्रकरण. ओढून घेतला तर खालच्या तीन ओळी आवळतो आणि कापडाला तिथे खळगा पडतो. सैल सोडला तर फास लोंबकळतो आणि पोरांच्या पायाची बोटं त्यात अडकतात. काकूंचे लांब टाके मात्र शिस्तीत उभ्या राहिलेल्या शाळेतल्या मुलांसारखे. कापड टेबलावर टाकलं की पाण्यासारखं पसरायचं. लोकरीच्या दुकानाच्या बाई गिऱ्हाइकांना सांगत की आमच्या काकूंच्या हातात मोजपट्टी आहे. काकू वरवर दुर्लक्ष करत, पण ते वाक्य घरी येऊन काकांना न चुकता सांगत.

पहिलं पांघरूण साठ पट्ट्यांचं पुरं होऊन कपाटात गेलं. दुसऱ्याचे बावीस पट्टे झाले आणि काकू न्हाणीघराच्या उंबऱ्याला अडखळून पडल्या. डाव्या गुडघ्याच्या वाटीला चीर गेली. सहा आठवडे पाय सरळ बांधलेला, मग व्यायाम, मग काठी. हाडांच्या डॉक्टरांनी पुढच्या वर्षभरासाठी यादीच दिली. खाली बसायचं नाही, बुटक्या आसनावर बसायचं नाही, डावा पाय उंचावून दुमडायचा नाही, त्यावर कसलंही वजन टाकायचं नाही.

यादी काकांनी वाचली आणि, स्वभावाप्रमाणे, एकही ओळ न गाळता अमलात आणली. खिडकीपाशी काकूंची जुनी बुटकी आरामखुर्ची होती, ती त्यांनी तळमजल्यावरच्या शिंप्याला देऊन टाकली. तिच्यापुढे पाय ठेवायला असायचं ते लाकडी स्टूल माळ्यावर टाकलं. त्याजागी ताठ पाठीची खुर्ची आणि पुढ्यात छानसं टेबल आणलं. पांघरुणाचं वजन मांडीवर नको, सगळं टेबलावर राहील. काकूंनी टेबलावर हात फिरवून पाहिला आणि चांगलं आहे म्हणाल्या. काकांना त्या दिवशी फार बरं वाटलं. आयुष्यात एक काम आपण कुणाला न विचारता केलं आणि ते बरोबर निघालं, असं त्यांना वाटलं.

तिथून पुढचे अकरा पट्टे चुकत गेले.

आधी लक्षात आलं नाही. मग एका सकाळी काकूंनी पांघरूण पसरलं तर नवा भाग सपाट बसेना. प्रत्येक रंगबदलाच्या ओळीखाली बारीक बारीक खळग्यांची रांग, आणि खळग्यांच्या मध्ये कापड फुगलेलं. काकूंनी तळव्याने दाबलं, ते बसलं. तळवा उचलला, पुन्हा उठलं.

पहिला संशय डोळ्यांवर गेला. चष्म्याचा नंबर तपासला. नंबर तोच होता. मग अशक्तपणावर. लेक फोनवर म्हणाली की आई, दोन महिने पडून होतीस, हाताला जोर येऊ दे, नाहीतर दुसरं पांघरूण मी विकत आणते आणि मुलींना सांगते की आजीनेच केलं. यावर काकूंनी तिला जे सुनावलं ते काकांना दुसऱ्या खोलीतही ऐकू आलं. मग काकू काठी टेकत दुकानात गेल्या, बरोबर काका, पिशवी घेऊन.

लोकरीचं दुकान म्हणजे एक अरुंद खोली, तिन्ही भिंतींना छतापर्यंत कप्पे आणि मधोमध एक लांब बाक. दुपारी चार-पाच बायका त्या बाकावर विणत बसलेल्या असायच्या. बाईंनी पांघरूण बाकावर पसरलं, चष्मा कपाळावर चढवला आणि बोटाने एक लांब टाका उचलून पाहिला. त्यांचं निदान चटकन झालं. घट्ट ओढताय काकू. लांब टाक्यापुरती एक नंबर जाड सुई घ्या. एक बाई म्हणाली की ओलं करून टाचण्या लावून ताणून वाळवा, बसेल. दुसरी काही म्हणाली नाही, पण तिने पांघरुणाच्या जुन्या भागावरून नव्या भागावर हात नेला आणि काकूंकडे अशा नजरेने पाहिलं की त्यापेक्षा बोलली असती तर बरं.

"वयाचं आहे काकू," बाई म्हणाल्या. वाईट हेतू मुळीच नव्हता. "माझी आई शेवटी शेवटी नुसत्या साखळ्या घालायची. त्यातही मजा असते."

निघताना बाईंनी ती जाड सुई काकांच्या पिशवीत टाकली.

जाड सुई घेऊन पाहिली. टाका जाडसर झाला, उंची तेवढीच. ओलं करून, टाचण्या लावून दोन दिवस पलंगावर वाळवलं, आणि ते दोन दिवस काका-काकू बाहेरच्या खोलीत सतरंजी आणि दिवाण वाटून घेऊन झोपले. टाचण्या काढल्या तेव्हा कापड झकास बसलं होतं. संध्याकाळपर्यंत खळगे परत. मग काकूंनी मुद्दाम ढील द्यायला सुरुवात केली. त्याने तर आणखीच बिघडलं. एक टाका सैल, पुढचा घट्ट, त्यापुढचा त्याहून सैल. विचार करून घेतलेला एकही टाका शेजारच्यासारखा येईना. जे हात चाळीस वर्षं आपसूक करत होते ते सांगून करायला लागल्यावर नवशिक्यासारखे चाचपडू लागले.

काकूंनी ती ओळ उसवली, सुया डबीत घातल्या आणि डबी सरकवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका दाढी करत होते, आणि आदल्या दिवशी काय बोलायला हवं होतं ते त्यांना आत्ता सापडलं. ते एवढंच होतं: आधी मूळ प्रत पाहू.

छापखान्यात ते असंच करत. मुद्रितात काहीतरी खटकतं, पण काय ते कळत नाही, अशा वेळी अंदाज बांधायचा नाही. मूळ प्रत शेजारी ठेवायची आणि बोट लावून ओळीमागून ओळ पडताळायची. अंदाज बांधणाऱ्यांनी जेवढ्या चुका दुरुस्त केल्या त्याहून जास्त नव्या घातल्या, असं त्यांचं मत होतं. हे मत त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

काकू व्यायामाला खालच्या मजल्यावर गेल्यावर त्यांनी कपाटातलं पहिलं पांघरूण काढलं आणि दुसऱ्याच्या शेजारी टेबलावर पसरलं. एका वहीत दोन रकाने आखले. टाके मोजले: दोन्हीत एकशे एकसष्ट, कुठे वाढला नाही, कुठे गळला नाही. लांब टाक्यामागचा टाका सोडलेला आहे का: आहे. सुई बरोबर तीन ओळी खाली गेली आहे का: प्रत्येक ठिकाणी. रेष सरळ: सरळ. साध्या टाक्यांची उंची: सारखी. मग त्यांनी पट्टी लावून दहा पट्टे मोजले. पहिल्या पांघरुणात चोवीस सेंटीमीटर. दुसऱ्यात, पडण्याआधीच्या भागात, चोवीस. नंतरच्या भागात बावीस. मग त्यांनी लांब टाके मोजायला घेतले. जुने चोवीस मिलिमीटरचे. नवे बावीस, एकवीस, बावीस, बावीस.

काकांनी पट्टी खाली ठेवली. नवे टाके वेडेवाकडे नव्हते. ढील देण्याच्या फंदात घेतलेली ओळ सोडली तर ते एकमेकांसारखेच होते, सगळे सारखेच तोकडे. म्हाताऱ्या हाताची चूक अशी नसते. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या थकलेल्या जुळाऱ्याच्या चुका पानभर विखुरलेल्या असतात. एकच चूक प्रत्येक ओळीत तशीच आली तर दोष माणसाचा नसतो, साच्यातच काहीतरी बदललेलं असतं.

पण काय बदललं? सुई तीच, लोकर त्याच दुकानातली, हात तेच. काकांनी वहीत प्रश्नचिन्ह काढलं आणि काकूंच्या पावलांचा आवाज आला तशी सगळी मांडामांड घाईघाईने आवरली. अजून खात्री नव्हती.

दुपारी ते रोजच्यासारखं वाचायला बसले. ही त्यांची लग्नापासूनची रीत. काकू विणत आणि काका मोठ्याने वाचत. प्रवासवर्णन, चरित्र, कधी रहस्यकथा. कालपासून काकूंच्या हातात काही नव्हतं, तरी त्या टेबलापाशी येऊन बसल्या, हात मांडीवर ठेवून. काका वाचू लागले. दोन पानं झाली आणि त्यांना स्वतःचाच आवाज ओळखू येईना. वाक्य कुठे थांबवावं ते कळेना. गेले तीन महिने असंच होत होतं. वाचन धावत सुटायचं, मध्येच धाप लागायची. त्यांना वाटलं होतं, आपलंही वय झालं.

ते थांबले. खोली शांत होती. फार शांत.

"अगं," ते म्हणाले, "तुझं ते स्टूल करकरायचं ना?"

काकूंनी मान वर केली. करकरायचं की, त्या म्हणाल्या, आणि तुम्हाला शंभरदा सांगितलं तेल घाला म्हणून.

काकांनी पुस्तक उपडं ठेवलं. लांब टाक्यांच्या ओळीला ते स्टूल करकरायचं, एरवी नाही. थोडं थांबून एकदा, थोडं थांबून एकदा. इतकी वर्षं ते त्या आवाजावर वाक्यं तोडत आले होते. तीन टाक्यांपुरतं वाचायचं, करकर, पुढे. घड्याळाची टिकटिक बंद पडल्यावर जसं काहीतरी चुकल्यासारखं वाटतं तसं त्यांना तीन महिने वाटत होतं.

ते उठले, घडीची शिडी लावून माळ्यावर चढले. काकू खालून ओरडत होत्या की एक गुडघा पुरे आहे या घराला. काकांनी धुळीने माखलेलं स्टूल उतरवलं, पुसलं आणि काकूंच्या पायांपुढे ठेवलं. मग स्वतःच्या हाताने त्यावर जोर दिला.

करकर.

आणि काकूंची डावी टाच जमिनीवरून उचलली गेली. बोटं टेकलेली, टाच वर, गुडघा जरासा उंच. काकूंनी खाली पाहिलं, जणू तो पाय दुसऱ्याच कुणाचा होता.

मग काकूंनी हळूहळू ते सगळं हातांनी हवेत करून पाहिलं. बुटक्या खुर्चीत बसायचं, डावा पाय स्टुलावर. पांघरूण गुडघ्यावरून खाली सोडलेलं, विणायची कड गुडघ्याच्या माथ्यावर. तीन साधे टाके. चौथ्याला सुई खाली घालायची आणि त्याच वेळी टाच उचलायची. टाच उचलली की कापडाच्या वजनाने खालच्या तीन ओळी ताणून पूर्ण उघडतात. मग धागा वर आणायचा तो त्या उघडलेल्या उंचीपर्यंत. टाच खाली, कापड सुटतं, आणि टाक्यात हवी तेवढीच ढील उरते, ना जास्त ना कमी. टेबलावर मात्र सगळं वजन टेबलाने घेतलेलं. ओळी अंग चोरून बसलेल्या, त्यात डाव्या हाताची चिमटी त्यांना आणखी गोळा करते. धागा त्या गोळा झालेल्या उंचीपर्यंतच येणार. तेवढे दोन मिलिमीटर कमी.

काका म्हणाले की म्हणजे हाताला काही झालेलं नाही. हात तोच आहे. त्यांना वाटलं होतं काकू खूश होतील.

काकू खूश झाल्या नाहीत. त्यांचा चेहरा उतरला.

"म्हणजे हाताला कधी काही येतच नव्हतं," त्या म्हणाल्या. "लोक हाताला नावाजत होते आणि करत होता तो पाय."

काकांच्या जिभेवर वाक्य नव्हतं. पण यावेळी उद्या सकाळपर्यंत थांबून चालणार नाही हे त्यांना कळत होतं. ते चाचरत म्हणाले की छापखान्यात आमच्याकडे एक जुळारी होता, वयस्कर, एकही चूक न करणारा. तो जुळवताना गुणगुणायचा. साहेबांनी गुणगुणणं बंद करायला लावलं तर त्याच्या चुका व्हायला लागल्या.

"मग?" काकू म्हणाल्या.

"मग काय. गाणं पण त्याचंच होतं की."

काकू त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, हे तुम्ही आत्ता बनवलंत. काका म्हणाले, नाही, खरं आहे, फक्त तो गुणगुणायचा फार बेसूर. काकू हसल्या नाहीत, पण हात पुढे करून त्यांनी डबी स्वतःकडे ओढली.

आता प्रश्न होता तो गुडघ्याचा. डाव्या पायाला वर्षभर बंदी. आणि आरामखुर्ची शिंप्याला देणारे, टेबल आणणारे, स्टूल माळ्यावर टाकणारे काकाच. हे काकूंनी बोलून दाखवलं नाही. त्यामुळे काकांना ते जास्त लागलं.

त्यांनी काकूंना उजवा पाय स्टुलावर ठेवून पाहायला सांगितलं. उजवा गुडघा उजव्या कोपराच्या आड येऊ लागला. सुई फिरवायला जागाच उरेना. मग लोड आणला. तो मऊ, वजन पडलं की खाली दबतो. मग उपडी कळशी, तिच्यावर रुमाल. कळशीवरून पांघरूण दोनदा घसरून कळशीसकट खाली आलं, आणि खालच्या मजल्यावरून कुणीतरी काय पडलं म्हणून विचारायला वर आलं. शिवाय लोड काय आणि कळशी काय, टाच कुणालाच नव्हती.

काका खुर्ची ओढून काकूंच्या डाव्या हाताला येऊन बसले. स्टूल स्वतःपुढे घेतलं, उजवा पाय त्यावर ठेवला आणि गुडघा पुढे केला. असं करताना त्यांना फार संकोच वाटला. बेचाळीस वर्षांच्या संसारात बायकोसमोर इतकं अवघडल्यासारखं त्यांना पहिल्या दिवशीसुद्धा झालं नसेल.

"यावर जमतंय का बघ," ते खिडकीकडे बघत म्हणाले.

काकूंनी आधी अकराही पट्टे उसवले. दोन दुपारी त्यातच गेल्या. काका गुंडाळत होते, काकू ओढत होत्या. तेविसाव्या पट्ट्यापाशी पुन्हा सुरुवात झाली. साध्या ओळी टेबलावरच होणार होत्या, त्यांना गुडघ्याची गरज नव्हती. पण पहिलीच ओळ रंगबदलाची होती. काकूंनी पांघरूण काकांच्या गुडघ्यावर टाकलं, कड माथ्यावर आणली आणि डाव्या हाताने धरली. एक टाका, दोन, तीन. सुई खाली गेली.

"आता," काकू म्हणाल्या.

काकांनी टाच उचलली. स्टूल करकरलं. धागा वर आला, टाका पुरा झाला. टाच खाली.

पहिल्या ओळीला निम्मा तास लागला. काका कधी लवकर उचलायचे, कधी उशिरा, आणि एकदा तर पायाला मुंग्या आल्या म्हणून पाय झाडला आणि सुई निसटली. काकू म्हणाल्या, गुडघा द्यायला बसलायत तर गुडघ्यासारखं बसा. दुसऱ्या पट्ट्याला "आता" म्हणायची गरज निम्म्याने कमी झाली. तिसऱ्याला काकांनी पुस्तक हातात घेतलं आणि वाचू लागले. एक, दोन, तीन टाक्यांपुरतं वाक्य, टाच, करकर, पुढचं वाक्य. धाप लागली नाही.

पाच पट्टे झाल्यावर काकूंनी पांघरूण टेबलावर पसरलं. तळवा फिरवला, उचलला. कापड जागचं हललं नाही. पण त्या लगेच वळल्या.

"मोजा," म्हणाल्या.

काकांनी पट्टी लावली. मोजताना त्यांच्या मनात आलं की चोवीस म्हणून टाकावं. आयुष्यात त्यांनी एकही चूक जाणूनबुजून सोडली नव्हती. आता एक सोडली तर कोण विचारणार आहे? पट्टीवर त्यांनी दोनदा, तीनदा पाहिलं.

"पंचवीस," ते म्हणाले. "काही ठिकाणी साडेचोवीस."

काकूंनी श्वास सोडला. काका घाबरले. पण काकू वाकून टाके पाहत होत्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर गेल्या महिन्याभरातला तो भेदरलेला भाव नव्हता. भाजीत मीठ कमी आहे का जास्त हे चाखून पाहणाऱ्या माणसाचा असतो तसा काहीतरी होता.

"तुमचा पाय लांब," त्या म्हणाल्या. "टाच जरा कमी उचला. पाऊण उचला."

ते पाच पट्टे उसवायचे का, यावर थोडा वाद झाला. काका उसवा म्हणाले, कारण मूळ प्रतीबरहुकूम हवं. काकूंनी पुन्हा एकदा कापडावरून हात फिरवला, एका लांब टाक्याखाली करंगळी घालून पाहिली. करंगळी जाईना. म्हणजे पोरींची बोटंही अडकणार नाहीत. राहू द्या, त्या म्हणाल्या. काकांनी वहीत "पट्टे २३ ते २७, एक मि.मी. जास्त" असं लिहून ठेवलंच.

पुढच्या आठवड्यात लोकरीच्या बाई स्वतः घरी आल्या. काकू परत दुकानात फिरकल्या नाहीत, म्हणून त्यांना चुटपुट लागली असावी. दार लोटलेलंच होतं. त्या आत आल्या आणि दारातच थबकल्या. खिडकीपाशी काका ताठ बसलेले, एका हातात पुस्तक, पाय स्टुलावर, गुडघ्यावर राखी-हळदी पांघरूण. शेजारी काकू खाली मान घालून त्यांच्या गुडघ्यावर विणत होत्या. स्टूल करकरत होतं.

काकांना वाटलं जमीन दुभंगावी. पण ओळ अर्धी झाली होती, उठणार कसे? काकूंनी मान वर न करताच बाईंना बसायला सांगितलं.

बाई आल्या, वाकून पाहिलं, चष्मा कपाळावर चढवला, एक लांब टाका बोटाने उचलून बघितला. मग जुना भाग, मग नवा भाग. मग खाली स्टुलाकडे, काकांच्या टाचेकडे. त्यांनी काहीतरी विचारायला तोंड उघडलं, पण तेवढ्यात सुई खाली गेली, टाच वर गेली, आणि बाई तो सबंध टाका पुरा होईपर्यंत तोंड उघडं ठेवूनच बघत राहिल्या. बाकावरच्या बायकांना हे कसं सांगायचं याची जुळवाजुळव त्यांच्या मनात सुरू झाली असावी. मग त्यांनी चौकशी केली की काकू सुया देऊन टाकणार आहेत असं काका मागच्या आठवड्यात भाजीच्या दुकानात भेटले तेव्हा म्हणाले, ते खरं का?

काकूंनी काकांकडे एक कटाक्ष टाकला. काकांनी पुस्तकात डोकं घातलं.

काकूंनी डबी उघडली, आत बोटं फिरवली आणि एक सुई काढून बाईंच्या हातावर ठेवली. लांब टाक्यांसाठी म्हणून बाईंनी दिलेली, ती एक नंबर जाड.

"ही घेऊन जा," त्या म्हणाल्या. "हिचं इथे काही काम नाही."

मग त्यांनी झाकण लावलं, डबी टेबलावर स्वतःच्या बाजूला ठेवली आणि तीन साधे टाके घेतले.

काका वाक्याच्या मध्ये थांबून वाट बघत होते.